आजोबांचे फोटो टीव्हीवर वेगळेच का दिसतात?

प्रश्न : आमच्या आजोबांचे जुने फोटो मुलाने स्कॅन करून दिले. मोबाईलवर ते छान दिसतात, पण नव्या मोठ्या टीव्हीवर लावले की सगळ्यांचे चेहरे मेणाचे वाटतात, काळा-पांढरा फोटो निळसर दिसतो. आजोबा म्हणतात, "ही आपली माणसं नाहीत." टीव्ही खराब आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : टीव्ही खराब नाही. तो दुकानासाठी लावलेला आहे, घरासाठी नाही. आजोबांचं वाक्य मला फार ओळखीचं वाटलं, कारण जवळजवळ हेच वाक्य मी आमच्या शेजारच्या अण्णांच्या तोंडून ऐकलं आहे. त्यांच्या घरी जे घडलं तेच सांगतो, त्यात तुमचं उत्तर येईल.

अण्णा ८४ वर्षांचे. १९६४ साली वाड्याच्या चौकात त्यांचं लग्न झालं, तेव्हाचा एक लांबरुंद ग्रुप फोटो घरात आहे. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, काळा-पांढरा, बारा इंच रुंद. नातवाने तो स्कॅन केला आणि लॅपटॉप एचडीएमआय केबलने ४३ इंची टीव्हीला जोडून दिवाळीत सगळ्यांना दाखवला. घरचे कौतुक करत होते. अण्णा मात्र काही वेळ बघून उठले. मला दारात म्हणाले, "माझ्या लग्नात एवढी थंडी नव्हती हो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. टीव्हीचा पिक्चर मोड होता `Vivid`. काही टीव्हींवर त्यालाच `Dynamic` म्हणतात. दुकानात डोक्यावर लख्ख ट्यूबलाईट असतात आणि शेजारी दहा टीव्ही चालू असतात. तिथे डोळा पटकन खेचला जावा म्हणून पांढऱ्यात निळा मिसळतात, कडा टोकदार करतात, रंग भडक करतात. घरच्या संध्याकाळच्या उजेडात तेच सगळं चेहऱ्यावर येतं.

पांढरा किती निळसर आहे हे केल्विनमध्ये मोजतात. आकडा जितका मोठा, तितका निळा अधिक. टीव्हीचा चित्रसंकेत ज्या पांढऱ्यावर बेतलेला असतो तो साधारण ६५०० केल्विनचा. ढगाळ दुपारी खिडकीजवळ कोरा कागद धरला तर जो पांढरा दिसतो, जवळपास तोच. भडक मोडमधला पांढरा बऱ्याचदा ९००० च्याही वर असतो. रंगीत फोटोत हा फरक रंगांमागे लपतो, पण काळ्या-पांढऱ्या फोटोत लपायला जागाच नसते. अण्णांची फाईल निव्वळ करड्या छटांची होती. मग पडद्यावर जो निळा दिसत होता तो टीव्हीने घातलेला. म्हणूनच तपासणीसाठी काळा-पांढरा फोटो सगळ्यात चांगला. तुमचा फोटो पिवळसर स्कॅन झाला असेल तर मोबाईलवर त्याची एक करडी प्रत करून घ्या.

मी मोड `Movie` केला आणि रंगाचं तापमान `Warm` वर आणलं. काहींवर `Warm1`, `Warm2` असे दोन पर्याय असतात. सहसा दुसरा ६५०० च्या जवळ जातो. सूनबाई लगेच म्हणाल्या, "काका, पिवळं पडलं की!" तसं वाटणारच. डोळ्यांना महिनोन्महिने निळ्याची सवय लागलेली असते. मी म्हटलं, दोन दिवस असंच राहू द्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच जुना मोड लावून बघितला आणि तो त्यांना निळा वाटला.

मेणाच्या चेहऱ्यांचं कारण वेगळं. जुन्या फोटोत चांदीचे बारीक कण दिसतात. टीव्हीला ती खरखर वाटते, म्हणून `Noise Reduction` ती पुसून टाकतं, आणि तिच्याबरोबर सुरकुत्या, भुवया, साडीचं विणकामही जातं. मग `Sharpness` उरलेल्या कडा गडद करतं. अण्णांच्या आईच्या अंबाड्याभोवती एक पांढरी रेघ उमटली होती. मूळ फोटोत ती नाही, हे आम्ही पुठ्ठ्यावर बोट ठेवून बघितलं. खरखर घालवणारी सोय बंद केली. मग टीव्हीच्या अगदी जवळ उभं राहून, ती रेघ नाहीशी होईपर्यंत `Sharpness` कमी करत गेलो. सरसकट शून्य करू नका, कारण काही टीव्हींवर तटस्थ जागा मध्यावर असते आणि त्याखाली चित्र धुरकट होतं. त्या रेघेकडेच लक्ष ठेवा.

`Brightness` नावाने बऱ्याच जणांची फसगत होते. अनेक टीव्हींवर हा पर्याय उजेड वाढवत नाही, तर काळा किती काळा दिसावा ते ठरवतो. उजेडासाठी `Backlight` असतो. अण्णांचा लग्नातला काळा कोट पडद्यावर नुसता डांबराचा गोळा दिसत होता. `Brightness` एकेक पायरी वाढवत गेलो तशा कोटाच्या घड्या दिसू लागल्या, मग गुंड्या. फोटोच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या करड्या व्हायला लागल्या तेव्हा एक पायरी मागे आलो.

एवढं झाल्यावर अण्णा खुर्ची ओढून पुढे बसले. बराच वेळ बघून म्हणाले, "सगळे आले. तात्या कुठंय?"

तात्या म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. पुठ्ठ्यावरच्या फोटोत तो उजव्या टोकाला उभा आहे, पडद्यावर त्याचा फक्त खांदा आणि एक कान होता. लॅपटॉपच्या पडद्यावर खालची टास्कबारची पट्टी पूर्ण दिसत होती, टीव्हीवर मात्र ती अर्धी गायब होती. हीच खूण. जुन्या काचेच्या टीव्हींमध्ये चित्राच्या कडा वेड्यावाकड्या येत, म्हणून त्या चौकटीआड जाव्यात इतकं चित्र थोडं मोठं करून दाखवायची रीत पडली. तिला ओव्हरस्कॅन म्हणतात, आणि कित्येक नव्या टीव्हींत ती अजून चालू असते. दर बाजूला तीन टक्के कापले तरी बारा इंची फोटोत एक तृतीयांश इंच जातो, आणि तात्या तेवढ्यातच मावत होता. चित्राच्या आकाराच्या यादीत `Just Scan` किंवा `Screen Fit` असं काहीतरी असतं. ते निवडल्याबरोबर तो हसऱ्या चेहऱ्याने, डोक्यावरच्या वाकड्या टोपीसकट पडद्यावर आला.

दोन गोष्टींची काळजी घ्या. या सेटिंग अनेक टीव्हींवर प्रत्येक जोडणीसाठी वेगळ्या राहतात. लॅपटॉपवर जमलं म्हणून पेन ड्राइव्हवर आपोआप जमेल असं नाही, तिथे पुन्हा बघा. आणि टीव्हीने काय होणार नाही तेही सांगतो. अण्णांकडे १९७८ चा मुलीच्या बारशाचा रंगीत फोटो आहे, तो पार लालसर झाला आहे. त्या काळच्या बऱ्याच रंगीत कागदांवरचा निळा-हिरवा रंगद्रव्याचा थर इतर थरांच्या आधी विटतो, अल्बममध्ये अंधारात ठेवला तरी. ती लाली कागदातच आहे. टीव्हीवर ती घालवायला गेलात तर बाकीचे सगळे फोटो बिघडतील. स्कॅनच्या प्रतीवरच रंग दुरुस्त करावा लागेल, आणि मूळ स्कॅन तसाच जपून ठेवा.

त्या संध्याकाळी अण्णांनी नातवाला जवळ बसवलं आणि उजव्या टोकापासून एकेकाचं नाव सांगायला सुरुवात केली. नातू वहीत लिहून घेत होता. मी निघालो तेव्हा ते दुसऱ्या रांगेपर्यंत पोचले होते.