ब्रँड ॲम्बेसिडरचा करार : नैतिक आचरणाच्या कलमाची भाषा

१. प्रास्ताविक

मागील घटकात आपण करारनाम्याच्या मराठीची सर्वसाधारण वैशिष्ट्ये पाहिली. या पाठात एकाच कलमाचा विचार करावयाचा आहे. एखादा नामवंत खेळाडू आपले नाव व छायाचित्र जाहिरातीसाठी कंपनीला वापरू देतो. त्याची प्रतिमा डागाळल्यास करार संपविण्याची मुभा कंपनीला देणारे कलम म्हणजे नैतिक आचरणाचे कलम होय. वाद उद्भवतो तेव्हा तो बहुधा नीतीचा नसतो. कलमात कोणते क्रियापद वापरले आणि कोणती तारीख धरली, यावर त्याचा निर्णय अवलंबून असतो.

२. एक उदाहरण

वसई तालुक्यातील विरार येथे वाढलेल्या पृथ्वी शॉ याने ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोट येथे पहिल्याच कसोटीत १३४ धावा केल्या. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरमध्ये त्याच्या लघवीचा नमुना घेण्यात आला. त्यात टर्ब्युटालिन हे निषिद्ध द्रव्य आढळले. ते खोकल्याच्या औषधातून अनवधानाने पोटात गेले, हे त्याचे स्पष्टीकरण क्रिकेट नियामक मंडळाने मान्य केले. तरीही ३० जुलै रोजी मंडळाने आठ महिन्यांची बंदी जाहीर केली. ही बंदी मागील तारखेपासून, म्हणजे १६ मार्चपासून, लागू धरण्यात आली. उत्तेजकविरोधी नियमांत उल्लंघन सिद्ध होण्यास हेतू असावा लागत नाही. हेतूचा विचार मुख्यत्वे शिक्षा ठरविताना होतो.

३. कलमाचे तीन पर्याय

या घटनाक्रमाला पुढील तीन वाक्ये लावून पाहू. ती अभ्यासासाठी रचलेली आहेत; त्या खेळाडूच्या कोणत्याही करारातून घेतलेली नाहीत.

(अ) ‘न्यायालयाने किंवा सक्षम क्रीडासंस्थेने दोषी ठरविल्यास’
(आ) ‘कंपनीच्या प्रतिमेस बाधक असे वर्तन केल्यास’
(इ) ‘कंपनीच्या मते तिच्या प्रतिमेस हानी पोहोचल्यास’

(अ) मध्ये निर्णय तिसऱ्या संस्थेकडे आहे. मंडळाने उल्लंघन मानले, म्हणून कलम लागू होईल. मात्र ‘सक्षम क्रीडासंस्थेने’ हे शब्द गाळले, तर खेळाडू सुरक्षित राहतो, कारण प्रकरण न्यायालयात गेलेच नाही.

(आ) मधील ‘केल्यास’ हे रूप सकर्मक आहे; त्याला कर्ता लागतो. खेळाडूने औषध घेतले, ही कृती खरी. परंतु अनवधानाने घडलेल्या कृतीला ‘वर्तन’ म्हणावे काय? येथे दोन्ही पक्षांना युक्तिवादास जागा उरते.

(इ) मधील ‘पोहोचल्यास’ हे रूप अकर्मक आहे. हानी कोणी केली, हा प्रश्नच उरत नाही. शिवाय ‘कंपनीच्या मते’ या शब्दांमुळे निर्णयही कंपनीच्याच हाती जातो. खेळाडूसाठी हे सर्वांत धोक्याचे वाक्य होय.

४. तारखेचा प्रश्न

समजा, मानधन दरमहा ५ लाख रुपये आहे. करार ‘घटनेच्या दिनांकापासून’ संपेल असे लिहिले असेल, तर कंपनी २२ फेब्रुवारीपासूनचे मानधन परत मागू शकते. ‘निर्णय जाहीर झाल्याच्या दिनांकापासून’ असे लिहिल्यास ३० जुलैपर्यंतचे मानधन खेळाडूकडे राहते. या दोन तारखांत पाच महिन्यांहून अधिक अंतर आहे. म्हणजे एका शब्दप्रयोगामुळे २५ लाखांहून अधिक रकमेचा फरक पडतो.

५. स्थगिती, समाप्ती आणि अनन्यता

जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्याच्या दूरचित्रवाणीवरील उद्गारांनंतर जिलेट या ब्रँडने त्याच्याशी असलेला संबंध पुढील निर्णय होईपर्यंत ‘स्थगित’ केल्याचे जाहीर केले. ‘स्थगित’ आणि ‘समाप्त’ या शब्दांतील अंतर अनन्यतेच्या कलमाशेजारी ठेवले की स्पष्ट होते. अनन्यता म्हणजे करार चालू असेपर्यंत प्रतिस्पर्धी कंपनीची जाहिरात न करण्याचे बंधन. स्थगितीत मानधन थांबते. करार मात्र जिवंत राहतो, म्हणून हे बंधनही राहते. उत्पन्न नाही आणि दुसरीकडे जाण्याची मोकळीकही नाही, अशा कोंडीत खेळाडू सापडतो. म्हणून स्थगितीची कमाल मुदत, उदाहरणार्थ ६० दिवस, कलमातच लिहावी. त्या मुदतीत निर्णय न झाल्यास करार आपोआप संपेल, असेही नमूद करावे.

समाप्तीनंतर मात्र कायदा खेळाडूच्या बाजूने असतो. श्रीरामपूरच्या झहीर खानशी केलेल्या करारात, मुदत संपल्यावरही त्याने इतर कंपन्यांचे देकार प्रथम आपल्यापुढे ठेवावेत, अशी अट पर्सेप्ट डी’मार्क या कंपनीने घातली होती. भारतीय करार अधिनियमाच्या कलम २७ नुसार मुदतीनंतरचे असे बंधन शून्य ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला.

स्वाध्याय

१. वाक्य (इ) मधील ‘कंपनीच्या मते’ हे शब्द काढल्यास सिद्ध करण्याचा भार कोणावर येईल?
२. ‘आरोप झाल्यास’ आणि ‘आरोप सिद्ध झाल्यास’ हे दोन्ही शब्दप्रयोग वापरून, पहिल्यासाठी स्थगिती व दुसऱ्यासाठी समाप्ती सांगणारे कलम लिहा. त्यात मुदत व तारीख स्पष्ट करा.