नातेवाइकांच्या ग्रुपवर आजाऱ्याची किती माहिती द्यावी?



घरातील माणूस दवाखान्यात दाखल झाले की पहिल्या तासाभरातच कोणीतरी नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी टाकतो. त्यात वाईट हेतू नसतो. प्रार्थना हवी असते, आधार हवा असतो आणि प्रत्येकाला वेगवेगळा फोन करण्याचे त्राण उरलेले नसते. पण काय लिहावे आणि काय लिहू नये, याचा विचार त्या धावपळीत कोणी करीत नाही. म्हणून आम्ही येथे एकच उदाहरण सविस्तर मांडीत आहोत. ते कोणा एका घरचे नाही. पण असे आजारपण आपल्या वस्तीत अनेक घरांनी पाहिलेले आहे.

समजा, 66 वर्षांच्या एका आईचे डोळे पिवळे झाले. लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते. सोनोग्राफीत दिसते की पित्ताची नळी फुगली आहे, म्हणजे खाली कुठेतरी ती अडली आहे. बिलिरुबिन 14 आहे. निरोगी माणसात ते साधारण 1 असते. अडथळा खड्याचा असू शकतो, सुजेचा असू शकतो किंवा गाठीचाही असू शकतो. आईला दाखल केले जाते. दोन मुलगे आहेत, धाकटा मस्कतला. मुलगी जवळच दिलेली. ग्रुपमध्ये काका-मामा, सुना-जावई, त्यांचे माहेर-सासर धरून 60 माणसे. आणि हे विसरू नये, की आईसुद्धा त्याच ग्रुपमध्ये आहे. तिचा फोन तिच्या उशाशी आहे.

थोरला मुलगा लिहितो: “आईला कावीळ. बिलिरुबिन 14. नळी ब्लॉक आहे. डॉक्टर म्हणतात काहीही असू शकते. प्रार्थना करा.”

यातला प्रत्येक शब्द खरा आहे. तरी पुढे काय होते ते पाहा. ‘कावीळ’ वाचताच एक मावशी झाडपाल्याच्या औषधाचा पत्ता देते, तिथे रिकाम्या पोटी जायचे असते हेही सांगते. कोणी त्या घरचे पाणी पिऊ नका म्हणतो. 14 आकडा पाहून एक भाचा विचारतो, एवढे वाढले तर लिव्हर गेले का? आणि ‘काहीही असू शकते’ याचा अर्थ सर्वजण एकच लावतात. रात्री कोणीतरी लिहितोच, “कॅन्सर तर नाही ना?” आईने तो शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकण्याआधी फोनवर वाचलेला असतो.

तेव्हा पहिली गोष्ट अशी, की आईला जे अजून सांगितलेले नाही ते ग्रुपवर जाता कामा नये. आपल्याकडे नेमके उलटे घडते. सगळ्या गावाला माहीत असते, फक्त आजाऱ्याला माहीत नसते. शरीर तिचे आहे, आजार तिचा आहे. ती शुद्धीवर असेल तर तिला सरळ विचारावे, “आई, मंडळींना काय कळवू?” उत्तर बहुधा सोपे असते. “पोटाचे दुखणे आहे म्हणून सांग, प्रार्थना करा म्हणावे, पण रिपोर्टबिपोर्ट पाठवू नका.” झाले. यापुढे मुलांना काय वाटते याला महत्त्व राहात नाही.

त्याच दिवसाचा संदेश असाही लिहिता येतो: “आईच्या संमतीने कळवीत आहोत. पित्ताच्या नळीत अडथळा आल्यामुळे तिला कावीळ झाली आहे व दवाखान्यात दाखल केले आहे. ही कावीळ दुसऱ्याला लागणारी नाही. उद्या दुर्बिणीने उपचार होतील. आई बोलते आहे. कारण समजायला काही दिवस लागतील. रोज रात्री 8 वाजता ताई येथेच लिहील. मधल्या वेळेत फोन करू नयेत. भेटायला येण्याआधी ताईला विचारावे.” यात आकडा एकही नाही, पण वाचणाऱ्याला जे करायचे आहे ते सर्व आहे. लागण नाही हे लिहिल्याने पाण्याचा प्रश्न मिटतो. अडथळा दुर्बिणीने काढायचा आहे असे लिहिल्याने झाडपाल्याचा सल्ला पुष्कळसा थांबतो. लिहिणारी व्यक्ती एकच ठरली, म्हणजे तीन भावंडांच्या तीन बातम्या होत नाहीत.

हा संदेश टाकण्यापूर्वी आईच्या थोरल्या भावाला आणि नणंदेला फोन करावा. “आम्हांला ग्रुपवरून कळले” हा सल पुढे वर्षानुवर्षे राहतो.

आता रिपोर्टच्या फोटोविषयी. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घालून नळीत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, बसवतात. यालाच डॉक्टर ईआरसीपी म्हणतात. त्याआधी रक्ताच्या बऱ्याच तपासण्या होतात. त्या कागदांवर नाव, वय, नोंदणी क्रमांक असतो आणि पुष्कळदा एचआयव्ही व हेपटायटिसचे निकालही असतात, कारण अशा उपचारांपूर्वी ते तपासण्याची पद्धत आहे. फोटो काढणाऱ्याचे लक्ष बिलिरुबिनवर असते. 60 जण मात्र पूर्ण पान वाचतात. विश्वासाने कळलेली कोणाची एचआयव्हीविषयीची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यास 2017 च्या कायद्याने मनाई आहे. मागाहून संदेश पुसला तरी ज्यांच्या फोनमध्ये फोटो उतरला त्यांच्याकडे तो राहू शकतो.

त्या कागदावर आणखी एक ओळ असू शकते: सीए 19-9. हा आकडा साधारण 37 च्या आत असावा असे छापलेले असते आणि आपल्या आईचा, समजा, 420 आला. ग्रुपमधील एखादा हुशार मुलगा दोन मिनिटांत शोधून काढतो की हे कॅन्सरचे लक्षण आहे. ते अर्धेच खरे आहे. पित्त अडले की हा आकडा नुसत्या त्या अडथळ्यानेही पुष्कळ वाढतो, मग कारण साधा खडा का असेना. म्हणून डॉक्टर त्या एका आकड्यावर निदान करीत नाहीत; कावीळ उतरल्यावर तो पुन्हा पाहतात. बिलिरुबिनचेही तसेच. स्टेंट नीट बसला तरी ते हळूहळू उतरते, पूर्ण उतरायला काही आठवडे जातात. रोज आकडा टाकला तर 14 चे 12 झाल्यावर “एवढेच?” असा प्रश्न येतो आणि चांगली चाललेली गाडी लोकांना अडलेली वाटते.

चांगली बातमी देण्यातही घाई नको. ईआरसीपीच्या वेळी नळीत ब्रश फिरवून पेशी तपासायला पाठवतात. काही दिवसांनी रिपोर्ट येतो: कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत. थोरला मुलगा आनंदाने लिहिणार, “रिपोर्ट क्लिअर! देवाचे आभार!” पण या ब्रशच्या तपासणीत पुष्कळ गाठी निसटतात. पेशी सापडल्या तर आजार आहे, असे म्हणता येते; न सापडल्या तर तो नाही, असे म्हणता येत नाही. डॉक्टरांनी हे सांगितलेले असते, पण ते कोणाच्या लक्षात राहात नाही. मग आतून सोनोग्राफी करून तुकडा घेतात आणि त्यात नळीच्या तोंडाशी गाठ निघते. ज्यांनी आठ दिवसांपूर्वी अभिनंदन केले, त्यांना आता उलट सांगायचे. कोणीतरी म्हणणारच, “आधी लपवले.” त्या दिवशी एवढेच लिहिणे योग्य होते: “एक रिपोर्ट आला आहे, त्यावरून निर्णय होत नाही. आणखी एक तपासणी आहे.”

गाठ निघाली हे आधी आईला सांगायचे. तिच्या डॉक्टरांनी, मुले जवळ असताना. त्यानंतर दोन-तीन दिवस ग्रुपवर काहीच नवीन लिहिले नाही तरी चालते. “आई ठीक आहे, उपचार ठरत आहेत” पुरते. मग तिनेच शब्द निवडावा. कोणी आई “गाठ आहे, ऑपरेशन आहे” एवढेच म्हणेल, कोणी आजाराचे नाव घेईल. दोन्ही खरेच आहे. गाठ कोणत्या टप्प्याची, डॉक्टर किती वर्षे म्हणाले, खर्च किती आला, हे ग्रुपचे विषय नव्हेत.

मात्र काहींना जास्त माहिती लागते, आणि ती त्यांना द्यायलाच हवी, पण ग्रुपवर नाही. मस्कतच्या मुलाला आता निघायचे की ऑपरेशनच्या वेळी, हे ठरवायचे आहे. त्याला रजा एकदाच मिळते. त्याला आईच्या संमतीने सर्व रिपोर्ट द्यावेत, शक्य असल्यास डॉक्टरांशी बोलू द्यावे. घरी सोडल्यावर आईजवळ जी सून किंवा मुलगी राहणार, तिला ठाऊक असले पाहिजे की थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पुन्हा पिवळे झाले तर स्टेंट तुंबला असू शकतो आणि सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. आईच्या बहिणी-भावांमध्ये पूर्वी असाच आजार होऊन गेला असेल, तर डॉक्टरांना ते सांगावे. डॉक्टरांनी इतरांची तपासणी सुचवली, तर त्यांना एकेकाला भेटून सांगावे.

आजारी शुद्धीवर नसेल तेव्हा प्रश्न कठीण होतो. तिच्या जागी पती किंवा जवळची मुले ठरवतील, पण त्यांनी ‘आम्हांला काय सांगावेसे वाटते’ असे न विचारता ‘ती स्वतः काय सांगू दिली असती’ असे विचारावे. जिने आयुष्यभर पदर सावरला, तिचा नळ्या लावलेला आयसीयूतील फोटो कोणासाठीही काढू नये. ‘व्हेंटिलेटर’ शब्द लिहिलाच, तर पुढे कारणही लिहावे. मोठ्या ऑपरेशननंतर काही तास श्वासाला यंत्राचा आधार ठेवतात. वाचणारे मात्र शवपेटीची चौकशी सुरू करतात.

तसेच फादरांचे. आजाऱ्यांचा अभ्यंग संस्कार केवळ मरणाऱ्यांसाठी नाही; 1972 च्या नव्या विधीपासून त्याचे नावही ‘अंत्याभ्यंग’ राहिलेले नाही. तरी ग्रुपवर “फादर येऊन गेले” असे लिहिले की बायका रडू लागतात. लिहायचेच तर “ऑपरेशनपूर्वी आईने अभ्यंग घेतला, ती शांत आहे” असे लिहावे. फादरांना बोलावताना वॉर्ड, खाट आणि वेळ पुरे. निदान सांगायची गरज नाही. मिस्सातील प्रार्थनेसाठी नाव दिले, की आजाराचे नाव द्यावे लागत नाही.

ऑपरेशनसाठी रक्त हवे असेल तर संदेशात तारीख घालावी आणि रक्त मिळाले की त्याच ग्रुपवर “मिळाले” असे लिहावे. नाहीतर आई घरी येऊन पेज पिऊ लागते आणि परगावचे लोक ताईच्या नंबरवर फोन करीतच राहतात.