मोबाइलच्या व्हिडिओवरून कालव्याचा वेग

प्रश्न : चारीतल्या पाण्याचा वेग मोबाइलने मोजता येतो का?

उत्तर : येतो. त्यासाठी चारीचा सरळ, एकसारख्या रुंदीचा भाग निवडून 10 मीटर अंतरावर दोन दोऱ्या आडव्या, पाण्याला जवळजवळ टेकतील अशा ताणतात. मोबाइल तिपाईवर स्थिर ठेवून दोन्ही दोऱ्या चौकटीत घेतात. व्हिडिओत लांबचे अंतर आखूड दिसते, म्हणून पडद्यावरचे अंतर मोजू नये. पाण्यात सोडलेली तरंगती वस्तू दोरी ओलांडते तो क्षणच धरावा. दोरी उंच असेल तर तिरक्या नजरेने तो क्षणही चुकतो.

तरंगायला संत्रे उत्तम. ते बरेचसे बुडते, त्यामुळे वारा लागत नाही. थर्माकोल मात्र वाऱ्याबरोबर पळतो. संत्रे पहिल्या दोरीच्या बरेच आधी, मधल्या धारेत सोडावे.

समजा, पहिली दोरी 42व्या फ्रेमला आणि दुसरी 417व्या फ्रेमला ओलांडली. सेकंदाला 30 फ्रेम धरल्यास 375 फ्रेम म्हणजे 12.5 सेकंद, वेग सेकंदाला 0.8 मीटर. पुष्कळ मोबाइल उजेडानुसार फ्रेमचा दर बदलतात, तेव्हा चौकटीत चालू स्टॉपवॉच ठेवलेले बरे. संत्रे पाच-सहा वेळा सोडावे. काठाला घासलेली किंवा भोवऱ्यात फिरलेली फेरी सोडून सरासरी घ्यावी.

हा वेग पृष्ठभागाचा. तळ आणि काठाशी पाणी मंद असल्याने सरासरीसाठी तो साधारण 0.85ने गुणतात : 0.68. चारी 2 मीटर रुंद, 0.6 मीटर खोल आणि आयताकृती असेल, तर विसर्ग सेकंदाला सुमारे 800 लिटर येतो. उथळ, गवताळ चारीत गुणक आणखी कमी धरावा लागतो.