लेबल शीटवर पत्ते का सरकतात

आमच्या दिवाळी अंकाच्या वर्गणीदारांचे पत्ते छापण्याचं काम माझ्याकडे असतं. एका वर्षी बाहेरून छापून आणलेल्या शीट्समध्ये मधली रांग अगदी जागेवर होती, पण पहिल्या रांगेतल्या पत्त्यांचे पिनकोड खाली उतरून दुसऱ्या रांगेच्या लेबलांवर गेले होते, आणि शेवटच्या रांगेतली नावं वर चढून सहाव्या रांगेवर. लेबल सोलून पाकिटावर लावलं की एकाचा पिनकोड दुसऱ्याच्या नावाच्या डोक्यावर बसणार. टपालाची छाननी त्या सहा आकड्यांवर चालते, त्यामुळे असा अंक भलत्याच गावी जातो.

पत्ते सरकले की पहिल्यांदा सगळे फाइलमधलं समासाचं माप बदलू लागतात. माझं कळकळीचं सांगणं असं की माप बदलण्याआधी ते कसे सरकलेत ते नीट पाहा. सगळी लेबलं एकाच दिशेला सारखीच सरकली असतील तर तो छपाईच्या सुरुवातीच्या जागेचा फरक असतो. रांगेगणिक फरक वाढत गेला असेल तर छपाई लहान-मोठी झालेली असते, किंवा दोन रांगांमधलं अंतर चुकलेलं असतं. आणि डावीकडचा पत्ता वर व उजवीकडचा खाली असेल, तर कागदच तिरका ओढला गेलेला असतो. पहिल्या प्रकाराचा उपाय दुसऱ्याला लावला की वरची रांग सुधारते आणि खालची आणखी बिघडते.

आमची शीट ए-फोर, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. तीन स्तंभ, सात रांगा, एकूण २१ लेबलं. प्रत्येक लेबल ६३.५ मिमी रुंद आणि ३८.१ मिमी उंच. वरचा समास १५.१५ मिमी, डावा ७.२१ मिमी. रांगांमध्ये फट नाही, स्तंभांमध्ये २.५४ मिमीची आहे. म्हणून एका लेबलाच्या डाव्या कडेपासून पुढच्या लेबलाची डावी कड ६६.०४ मिमीवर येते.

आता मधली रांग बरोबर आणि वरची-खालची आत सरकलेली, याचा अर्थ लावू. बहुतेक प्रिंटरना कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही. म्हणून छपाईच्या खिडकीत Fit निवडलेलं असेल तर अख्खं पान आक्रसून मधोमध बसवलं जातं. समजा ते ९७ टक्के झालं. पानाचा मध्य वरून १४८.५ मिमीवर असतो आणि तो जागचा हलत नाही. पहिल्या रांगेची वरची कड त्या मध्यापासून १३३.३५ मिमी दूर आहे, त्याचे तीन टक्के म्हणजे ४ मिमी. तेवढी ती खाली येते. तिचीच खालची कड जवळपास २.९ मिमी उतरते. आमच्या पत्त्याची शेवटची ओळ लेबलाच्या कडेपासून जेमतेम २ मिमी आत होती, म्हणून पिनकोड नेमका शेजाऱ्याकडे गेला. फाइलमधली मापं अचूकच होती. छापताना Actual size निवडलं असतं तर काहीच हललं नसतं. फाइल दुकानात द्यायची असेल तर हे दोन शब्द तिथल्या माणसाला सांगा आणि खिडकीत ते निवडलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, कारण पुष्कळदा तिथे आधीच्या गिऱ्हाइकाची निवड तशीच राहिलेली असते.

वाढत जाणाऱ्या फरकाचं दुसरं कारण मोजणीत असतं. एका लेबलाला पट्टी लावली की ३८ मिमी दिसतं, आणि तेच फाइलमध्ये जातं. सातव्या रांगेपर्यंत ०.१ मिमीचा फरक सहा वेळा साठून ०.६ मिमी होतो. म्हणून स्टीलच्या पट्टीने पहिल्या लेबलाच्या वरच्या कडेपासून सातव्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा आणि सहाने भागा. आमच्या शीटवर ते अंतर २२८.६ येतं, म्हणजे ३८.१. मोजताना अर्धा मिलिमीटर चुकला तरी भागाकारानंतर ती चूक ०.१ च्या आत राहते. २१ लेबलांच्या सगळ्या शीट्स सारख्याच मापाच्या असतात असं धरून चालू नका. शीट बनवणारा बदलला की पुन्हा मोजा.

फाइल बनवताना प्रत्येक लेबलाची जागा कागदाच्या कोपऱ्यापासूनच काढावी, मागच्या लेबलापासून नव्हे. आमचे पत्ते देवनागरीत असल्याने मी एचटीएमएलवरून वीझीप्रिंटने पीडीएफ करते. त्यात जोडाक्षरं नीट उमटतात. पानाचा समास शून्य ठेवायचा आणि जागेचा हिशेब असा:

```python
# col 0..2, row 0..6, mm
left = 7.21 + col * 66.04 + dx
top = 15.15 + row * 38.1 + dy
```

`dx` आणि `dy` सुरुवातीला शून्य. त्यांची किंमत चाचणीच्या पानावरून ठरते. साध्या कागदावर तीन बारीक फुल्या छापा: डावीकडून २० आणि वरून २० मिमीवर एक, डावीकडून २० आणि वरून २७७ वर दुसरी, डावीकडून १९० आणि वरून २० वर तिसरी. मग कागदाच्या कडांपासून त्या मोजा. आधी पहिल्या दोन फुल्यांमधलं अंतर पाहायचं. ते २५७ हवं, २४९.३ भरलं तर छपाई ९७ टक्क्यांवर झालीय, तेव्हा `dx`, `dy` ला हात न लावता छपाईची खिडकी पुन्हा उघडा. ते बरोबर असेल तर त्याच दोन फुल्या डाव्या कडेपासून, आणि पहिली व तिसरी वरच्या कडेपासून, सारख्याच दूर आहेत का ते बघा. नसतील तर कागद तिरका जातोय. ट्रेच्या बाजूच्या पट्ट्या कागदाला लागतील इतक्या सरकवा. हा दोष कुठल्याही आकड्याने जात नाही.

हे दोन्ही ठीक असेल तरच जागेचा फरक मोजायचा. आमच्या प्रिंटरवर पहिली फुली डावीकडून १९.३ आणि वरून २१.२ मिमीवर आली. म्हणजे छपाई ०.७ डावीकडे आणि १.२ खाली गेली होती, म्हणून `dx = 0.7`, `dy = -1.2`. त्यानंतर लेबलांच्या चौकटींसह एक पान साध्या कागदावर छापून ते कोऱ्या शीटवर ठेवायचं आणि दोन्ही खिडकीच्या काचेला लावून कडा जुळतात का ते पाहायचं. खऱ्या छपाईत चौकटी काढून टाका. अर्ध्या मिलिमीटरची सरकसुद्धा चौकटीमुळे उठून दिसते.

एवढं करूनही प्रत्येक शीट किंचित वेगळी ओढली जाते. ती थोडी मागेपुढे झाली तरी अक्षर कापलं जाऊ नये म्हणून मी मजकूर चारही बाजूंनी किमान ३ मिमी आत ठेवते. लांब पत्ता बसत नसेल तर अक्षर लहान करते, पण ही जागा सोडत नाही.

चाचणी ज्या ट्रेमधून केली त्याच ट्रेमधून लेबलं छापा. खालच्या ट्रेतून आणि हाताने कागद घालायच्या ट्रेतून छपाईची सुरुवात वेगवेगळ्या जागी होऊ शकते. लेबलांसाठी मी हाताने घालायचाच ट्रे वापरते, कारण तिथून जाड शीटला कमी वळावं लागतं, आणि कागदाचा प्रकार Labels निवडते. लेझर प्रिंटरमध्ये काही लेबलं सोललेली शीट पुन्हा घालू नये. उघड्या कडांपाशी उरलेली लेबलं उष्णतेने सुटून आतल्या रोलरला चिकटतात. अशा उरलेल्या लेबलांवर मी पत्ते हाताने लिहिते.