साडी नंतर, आधी दुकानदार बघ

प्राजू, तू काल पाठवलेली पैठणी बघितली. साडेआठ हजारांची म्हणे १,९९९ रुपयांत, तीही आजच्या दिवसापुरती. दुकानाचं नाव आपण कधी ऐकलेलं नाही आणि फोटो काय, कुणाचाही उचलून लावता येतो. म्हणून मी साडी सोडून दुकानदाराला शोधत बसले. कसं, ते सांगते.

आधी वेबसाइटच्या तळाशी जायचं. विकणाऱ्याचं कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव देणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे. नुसता व्हॉट्सॲप नंबर असेल तर तिथूनच माघारी फिरायचं. यांनी पत्ता येवल्याचा दिला होता, जीएसटी नंबरही होता.

त्या नंबरात पंधरा अक्षरं-आकडे असतात आणि पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७. यांचा नंबर २४ ने सुरू, म्हणजे गुजरातचा! मग services.gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये तो टाकला. त्याला लॉगिन लागत नाही. नाव निघालं मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या कुणाचं तरी आणि नोंदणी Cancelled. नंबर खोटा नव्हता गं, दुसऱ्याचा उचललेला होता. त्यामुळे नंबर दिसला की भुलायचं नाही. नाव आणि पत्ता जुळतो का, समोर Active लिहिलंय का, हे बघायचं.

घरून विकणाऱ्या एखाद्या बाईकडे जीएसटी नसेलही. तिला व्हिडिओ कॉल लावून पदर उलटा करून दाखवायला सांग. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. यंत्रावरच्या साडीला मागून धागे लोंबतात. साडी जिच्या हातात आहे ती लगेच दाखवते. टाळाटाळ झाली तर समजून घे.

शेवटची पारख पैसे देताना. क्यूआर स्कॅन केलास की पिन टाकायच्या आधी खातेदाराचं नाव दिसतं. थांबून ते वाच. दुकान एका माणसाचं असेल तर तिथे मालकाचं नाव येईल, पण जीएसटीच्या नोंदीतही कायदेशीर नाव म्हणून तेच हवं. तिसरंच कुणी निघालं तर पिन टाकू नकोस.

आणि 'कॅश ऑन डिलिव्हरी आहे, मग काय भीती' असं म्हणू नकोस. मी तशीच नऊशे रुपये देऊन बसले. पैसे दिल्यावरच पाकीट फोडता आलं आणि आत निघालं पडद्याचं कापड. परत करायला गेले, तर पाकिटावरचा नंबर बंद.

इतकं करूनही फसलीस तर लाजून गप्प बसू नकोस. त्याच क्षणी १९३० ला फोन लाव. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं, तरच ते अडवता येण्याची आशा असते.