फोलिओचे पान आणि पडून राहिलेला लाभांश

इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना 'फोलिओ' हा शब्द शेक्सपिअरच्या १६२३ साली निघालेल्या नाट्यसंग्रहामुळे परिचित असतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पान. हिशेबाच्या जगात तोच शब्द खतावणीचे पान या अर्थाने रुजला. पूर्वी कंपनीच्या कचेरीत भागधारकांची एक जाडजूड नोंदवही असे. जो कोणी शेअर घेई त्याच्या नावे तीत एक पान उघडले जाई, आणि त्याने घेतलेले, विकलेले शेअर त्या पानावर चढवले वा उतरवले जात. त्या पानाचा क्रमांक म्हणजे फोलिओ नंबर. आज ती वही संगणकात गेली आहे आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांनी ती सांभाळण्याचे काम रजिस्ट्रार नावाच्या स्वतंत्र संस्थेकडे सोपवले आहे. पान मात्र कायम आहे.

(हा रजिस्ट्रार आणि सरकारी 'रजिस्ट्रार ऑफ कंपनीज' यांचा एकमेकांशी संबंध नाही. पहिला कंपनीने नेमलेला असतो, दुसरा सरकारचा अधिकारी असतो. लाभांशाची चौकशी करणारी पत्रे दुसऱ्याच्या पत्त्यावर गेली तर नुसता वेळ जातो.)

घरात जुने शेअर सर्टिफिकेट सापडले की आपण त्या कागदाकडे नोटेसारखे पाहू लागतो. हा समज दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या ४६ व्या कलमाप्रमाणे सर्टिफिकेट हा मालकीचा सकृद्दर्शनी पुरावा होय. खरी मोजदाद नोंदवहीतल्या पानावर होते. म्हणून कागद हरवला तरी हक्क बुडत नाही, आणि कागद हातात आहे म्हणून हक्क आहेच असेही नाही. मागणीचे सारे काम म्हणजे 'त्या पानावरचा मनुष्य तो हाच, आणि मी त्याचा अमुक' हे रजिस्ट्रारला पटवणे.

एक उदाहरण घेऊ. दिवाळीच्या पहाटेचा मोती साबण आणि कपड्यांचा ५०१ बार ज्या टाटा ऑइल मिल्स कंपनीचा, तिचे पन्नास पन्नास शेअरचे तीन कागद आजोबांच्या पेटीत निघाले असे समजा. कागदावर तीन प्रकारचे आकडे दिसतील. एक फोलिओ नंबर. तो तिन्ही कागदांवर एकच असेल. दुसरा सर्टिफिकेट नंबर. तो प्रत्येक कागदाला वेगळा. तिसरे म्हणजे 'पासून–पर्यंत' असे लिहिलेले विशिष्ट क्रमांक, कारण प्रत्येक शेअरला स्वतःचा आकडा असतो. उदाहरणादाखल ४२१८३५१ ते ४२१८४०० असे लिहिले असेल तर वजाबाकी ४९ येते. तीत एक मिळवला की ५० शेअर होतात. हा पडताळा घ्यावा. पुसट शाईत ३ चा ८ वाचला गेला असेल तर तो येथेच पकडला जातो. चौकशीच्या पत्रात तिन्ही आकडे द्यावेत, कारण फोलिओ जुळला नाही तर रजिस्ट्रारचा कारकून विशिष्ट क्रमांकांवरून माग काढू शकतो.

आता अडचण अशी की टाटा ऑइल मिल्स ही कंपनीच आज अस्तित्वात नाही. १९९३ साली ती हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. तिच्या पंधरा शेअरमागे हिंदुस्थान लिव्हरचे दोन शेअर असे प्रमाण ठरले होते. या हिशेबाने दीडशेचे वीस झाले. पुढे २००० साली हिंदुस्थान लिव्हरच्या दहा रुपयांच्या शेअरचे एक रुपया दर्शनी किमतीचे दहा शेअर करण्यात आले. विसाचे दोनशे झाले. २००७ साली कंपनीचे नाव हिंदुस्थान युनिलिव्हर झाले, आणि २०२५ च्या अखेरीस आइस्क्रीमचा धंदा वेगळा काढून त्या नव्या कंपनीचा एकास एक शेअर भागधारकांना देण्यात आला. म्हणजे पेटीतल्या कागदावर ज्या कंपनीचे नाव नाही, जो फोलिओ नाही आणि जी संख्या नाही, तेथे आजचा हक्क जाऊन बसला आहे. पत्र लिहिण्यापूर्वी ही वंशावळ जुळवावी लागते. आजच्या कंपनीच्या ताज्या वार्षिक अहवालात तिच्या रजिस्ट्रारचे नाव व पत्ता असतो. तोच घ्यावा, कारण रजिस्ट्रारही बदलतात आणि आपली नावेही बदलतात.

चौकशीचे पत्र सोप्या इंग्रजीत लिहावे हे बरे, कारण रजिस्ट्रारची कचेरी परप्रांतात असू शकते. त्याचा आशय साधारण असा असावा: "खालील शेअर अमुक यांच्या नावे होते. सर्टिफिकेटवरील नाव जसेच्या तसे असे. पहिले धारक हे, दुसरे धारक हे. फोलिओ क्रमांक, सर्टिफिकेट क्रमांक आणि विशिष्ट क्रमांक सोबत. त्या वेळचा पत्ता असा. पहिले धारक अमुक तारखेस मृत झाले. मी त्यांचा नातू. सध्याचा फोलिओ कोणता, त्यावर किती शेअर शिल्लक आहेत, कोणकोणत्या वर्षांचा लाभांश दिला गेलेला नाही, आणि शेअर गुंतवणूकदार निधीकडे गेले असल्यास केव्हा, हे कळवावे." सोबत सर्टिफिकेटची छायाप्रत जोडावी. मूळ कागद या टप्प्यावर कोणालाही पाठवू नये.

या पत्रातली सर्वांत नाजूक ओळ म्हणजे नावाची. आपल्याकडे एकाच गृहस्थाचे नाव सर्टिफिकेटवर दोन आद्याक्षरे व आडनाव असे असते, आधार कार्डावर स्वतःचे, वडिलांचे नाव व आडनाव अशा क्रमाने असते, तर मृत्यूच्या दाखल्यावर मागे 'राव' लागलेला असतो. इंग्रजी स्पेलिंगची तऱ्हा तर विचारूच नये. स्त्रियांच्या बाबतीत शेअर माहेरच्या नावाने घेतलेले आणि बाकी सारे कागद सासरच्या नावाचे, हे तर घरोघरी आढळते. रजिस्ट्रारच्या लेखी ही दोन माणसे ठरतात. त्यांना एक ठरवण्यासाठी विवाहाचा दाखला, राजपत्रातील नावबदलाची नोंद, किंवा दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. सर्टिफिकेटवरचे नाव 'सुधारून' पत्रात लिहिण्याचा मोह टाळावा. तेथे चूक असेल तर चुकीसकट उतरवून घ्यावे आणि खुलासा वेगळ्या ओळीत करावा.

संयुक्त नावांचेही असेच आहे. पती–पत्नी या क्रमाने घेतलेले शेअर एका फोलिओत आणि पत्नी–पती या क्रमाने घेतलेले दुसऱ्या फोलिओत असतात. एका फोलिओची चौकशी करून समाधान मानणाऱ्याचा दुसरा तसाच राहून जातो. संयुक्त धारकांपैकी एकजण हयात असेल तर काम पुष्कळ सोपे होते. मृत्यूचा दाखला व हयात धारकाची कागदपत्रे यांवर नाव कमी होऊ शकते. दोघेही नसतील आणि नामनिर्देशनही नसेल तर मात्र वारसा ठरवणारे कागद लागतात: मृत्युपत्र वा वारसा प्रमाणपत्र, इतर वारसांची नाहरकत, हमीपत्र. रक्कम लहान असल्यास कागद थोडे कमी होतात. घरात वारसांचे एकमत नसेल तर रजिस्ट्रार पंचाईत करत बसत नाही. तो कोर्टाचा कागद मागतो.

लाभांश अडकतो कसा, हेही पाहिले पाहिजे. पत्ता बदलला आणि कळवला नाही, की लाभांशाचे वॉरंट परत जाई; हे जुने कारण. नवे कारण असे की १ एप्रिल २०२४ पासून कागदी फोलिओवर पॅन, बँक खाते, संपर्क व सहीचा नमुना यांची नोंद पूर्ण नसेल तर लाभांश देण्याचे थांबवले जाते. नोंद पूर्ण झाली की तो थेट बँकेत जमा होतो. यासाठी आयएसआर–१ हा फॉर्म आहे. वीस वर्षांत सही बदलली असेल, आणि ती बहुधा बदलतेच, तर बँकेच्या अधिकाऱ्याकडून आयएसआर–२ वर सही साक्षांकित करून द्यावी लागते. हयात धारकाचे काम पुष्कळदा एवढ्यावरच भागते.

न दिला गेलेला लाभांश कंपनी स्वतःकडे ठेवत नाही. जाहीर झाल्यापासून तीस दिवसांत तो उचलला गेला नाही तर पुढच्या सात दिवसांत तो एका वेगळ्या बँक खात्यात टाकावा लागतो, आणि तेथून नव्वद दिवसांच्या आत अशा भागधारकांची नावे व रकमा कंपनीच्या संकेतस्थळावर द्याव्या लागतात. ही यादी कोणासही पाहता येते. आडनावाचे दोन-तीन पर्यायी स्पेलिंग घालून ती शोधावी. सात वर्षे तो पैसा त्या खात्यात राहतो आणि मग केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो. लागोपाठ सात वर्षे लाभांश उचललाच नाही तर शेअरही त्या निधीच्या प्राधिकरणाच्या नावे वर्ग होतात. हे प्राधिकरण २०१६ साली स्थापन झाले.

आपल्या उदाहरणातले दोनशे शेअर बहुधा तेथेच गेलेले असणार. तेथून ते परत मिळतात, परंतु क्रम पाळावा लागतो. प्रथम वारसाहक्काचे कागद कंपनीला वा तिच्या रजिस्ट्रारला दाखवून तिच्याकडून हक्कपत्र मिळवायचे. ते मिळाल्यावर आयईपीएफ–५ हा अर्ज सरकारी संकेतस्थळावर भरायचा. त्याची छापील प्रत, हमीपत्र, आगाऊ पावती व बाकीचे कागद कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायचे. कंपनी पडताळणी करून अहवाल प्राधिकरणाकडे धाडते आणि निर्णय प्राधिकरण घेते. हक्कपत्र घेण्याआधीच अर्ज भरणाऱ्यांचे अर्ज अडकतात. शेअर दावेदाराच्या डीमॅट खात्यात जमा होतात, म्हणून ते खाते आधी उघडून ठेवावे. नवे कागदी सर्टिफिकेट आता मिळत नाही. मध्यंतरी निधीकडे असताना त्या शेअरवर जमलेला लाभांशही मागता येतो. अर्जाला सरकारी शुल्क नाही. 'काम करून देतो' म्हणत रकमेत हिस्सा मागणारे दलाल भेटतात. ते जे करतात ते वर सांगितलेच आहे.

एक शक्यता राहिली. रजिस्ट्रारचे उत्तर येते की या फोलिओवर शिल्लक शून्य. याचा अर्थ फसवणूक असाच घेऊ नये. विलीनीकरणात पुष्कळदा जुने कागद परत न मागता रद्द ठरवले जात आणि नव्या कंपनीची सर्टिफिकेटे टपालाने येत. आजोबांनी ती नवी सर्टिफिकेटे १९९५ च्या सुमारास विकली असतील आणि रद्द झालेले कागद पेटीत तसेच राहिले असतील. अशा वेळी शेअर कोणत्या तारखेस, कोणाच्या नावे व कोणत्या विशिष्ट क्रमांकांनी हस्तांतरित झाले, एवढे दुसऱ्या पत्राने विचारावे. हस्तांतराची तारीख आजोबांच्या मृत्यूनंतरची निघाली तर मात्र प्रकरण वेगळे होते आणि ते वकिलाकडे न्यावे लागते.