श्वित्र : चिठ्ठीवरील एक शब्द

आष्टा परिसरातील एक माता आपल्या २३ वर्षांच्या कन्येस घेऊन आमच्याकडे आली. बोटांच्या टोकांवर पांढरे डाग होते. लग्नापूर्वी ते जावेत म्हणून घरच्यांनी बाकुचीचे तेल चोपडून तिला भर दुपारी उन्हात बसविले. फोड आले, ते भरल्यावर डाग वाढलेले दिसले. बाकुचीने त्वचा उन्हाने लवकर भाजते, आणि भाजल्या जागी श्वित्र पसरू शकते. लाली टिकली की थांबावे, हे विक्रेत्यांनी बाटली देतानाच सांगावे. बोटांच्या टोकांवर केस नसतात, त्यामुळे तेथे रंग क्वचितच परततो, हेही आम्ही स्पष्ट सांगितले.

त्याहून मोठी इजा शब्दाने केली होती. आधीच्या चिठ्ठीवर ‘श्वेतकुष्ठ’ वाचून वडिलांनी तिचे ताट वेगळे केले होते. आम्ही त्यांच्यासमोर डागावर कापूस टेकविला. तिला स्पर्श कळला. महारोगाच्या डागात बहुधा तो कळत नाही. सुश्रुतांनीही किलास त्वचेपुरते व स्रावरहित सांगितले आहे. मग चिठ्ठीवर ‘श्वित्र’ एवढेच का लिहू नये?

स्थळास डाग आधीच सांगावेत, असे आम्ही सुचविले. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी स्थापिलेल्या ‘श्वेता’ संस्थेने अशा वधूवरांचे मेळावेही घेतले आहेत. पुढील भेटीस वडील स्वतः आले. ताट पुन्हा पंक्तीत आले होते.